झोपलेल्या बाळाला पाजायचं, पण कुठवर?

इंग्लंडमधल्या लीड्सहून दोन महिन्यांसाठी राजारामपुरीत माहेरी आलेल्या एका आईचं पत्र आलं. बाळ साडेचार महिन्यांचं. रात्री आठला झोपतं. आई स्वतः आडवी होण्याआधी, पावणेअकराच्या सुमारास, त्याला न उठवता १२० मिली फॉर्म्युला पाजते. लीड्समध्ये या ड्रीम फीडच्या जोरावर बाळ थेट पहाटे चारला उठायचं. कोल्हापुरात येऊन तीन आठवडे झाले, विमानाचा थकवा आणि वेळेचा घोळ कधीच संपला, तरी बाळ आता एकलाही उठतं आणि चारलाही. आजीचं म्हणणं एकच : "झोपलेलं लेकरू उठवून पाजतंय का कोण? बंद कर बघू ते." आई विचारते, बंद करू का?

आजींचं निम्मं खरं आहे. बाळाला उठवायचं नसतंच. या वयात बाळाची रात्रीची सगळ्यात लांब झोप बहुधा पहिलीच असते. आठला झोपलेलं बाळ एकपर्यंत ओढतं, पण आईवडील अकराला झोपलेले असतात, म्हणजे त्या पाच तासांतले दोनच त्यांच्या पदरात पडतात. मध्येच पोटात दूध गेलं की भुकेची वेळ पुढे सरकते आणि बाळाचा लांब पल्ला आईवडिलांच्या झोपेवर येऊन बसतो. ड्रीम फीड एवढंच करतं. ते भूक पुढे ढकलतं, झोप शिकवत नाही. बाळ भुकेने उठतच नसेल, तर कितीही पाजलं तरी ते आपल्या वेळेला उठणारच.

म्हणून बंद करण्याआधी एक गोष्ट बघावी लागते. ड्रीम फीडची गरज संपली आहे, की ते देण्याची पद्धत बिघडली आहे?

या घरात पद्धत बिघडली होती, हे पत्रातच दिसत होतं. जेवणं साडेनऊला, मग हॉलमध्ये गप्पा. बाळाला तिथेच आणून ट्यूबलाइटच्या उजेडात पाजायचं, आणि दूध पिऊन झालं की आजी मायेने डायपर बदलायच्या. ओला पुसणा लागला की कुणीही टकटकीत जागं होईल. लीड्सच्या अंधाऱ्या बेडरूममधलं ड्रीम फीड इथे चांगलं रात्रीचं जेवण झालं होतं.

आईला फोनवर सांगितलं, चार रात्री असं करा. बाळ जिथे झोपलंय त्याच खोलीत, मिणमिणत्या दिव्यात. उचलण्याआधी त्याचा हात हलकेच वर करून सोडा. हात लोळागोळा होऊन खाली पडला तर झोप गाढ आहे, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पापण्यांखाली बुबुळं हलत असतील, ओठ चुटूचुटू करत असतील, तर वेळ बरोबर आहे. डोकं उंच राहील असं मांडीवर घ्या आणि बाटलीचं निपल खालच्या ओठाला टेकवा. बाळ आपणहून तोंड उघडतं. उघडलं नाही तर कोंबायचं नाही, परत ठेवून द्यायचं. बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. डायपर शीने भरला असेल किंवा गळत असेल तरच बदलायचा, आणि तोही पाजण्याआधी. ढेकर काढून बाळाला पाठीवर, त्याच्या स्वतःच्या जागी झोपवायचं. बाटली उशीला टेकवून देणं किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन पेंगणं, हे कितीही थकलात तरी नको. त्यात बाळ गुदमरू शकतं. फॉर्म्युला त्या वेळी ताजा बनवायचा आणि उरलेला ओतून टाकायचा. एकदा तोंड लावलेली बाटली तासाभराच्या पुढे वापरत नाहीत.

चार रात्रींत बाळ पिताना जागं होणं थांबलं. एकचं उठणं मात्र तसंच राहिलं.

मग दुसरी परीक्षा. तीन रात्री ड्रीम फीड दिलंच नाही, फक्त पहिल्यांदा उठण्याची वेळ लिहून ठेवली : बारा पन्नास, एक वीस, एक दहा. म्हणजे १२० मिली दिलं तरी एक, नाही दिलं तरी एकच. शिवाय एक वाजता उठल्यावर बाळ जेमतेम ४० मिली पिऊन बाटलीवरच झोपी जायचं. उपाशी बाळ सहसा असं करत नाही. चार महिन्यांच्या आसपास झोपेची घडणच बदलते, दोन झोपांच्या सांध्यावर बाळ पूर्ण जागं होतं. हे एकचं उठणं त्यातलं. उलट ड्रीम फीड बंद करताच उठण्याची वेळ दोन-तीन तास अलीकडे आली असती, तर मी सांगितलं असतं की चालू ठेवा, ते काम करतंय.

बंद करण्याच्या आणखी काही खुणा आहेत. बाळ निपल चघळतं पण ओढत नाही, किंवा सकाळच्या पहिल्या दुधाला तोंड फिरवतं. बहुतेक घरांत चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान हे सुटतं, काही ठिकाणी वरचं खाणं रुळल्यावर. पण बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल किंवा वजन नीट वाढत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच रात्रीचं दूध कमी करा.

आता बंद कसं करायचं. तीन रात्री सोडून बघणं वेगळं आणि कायमचं तोडणं वेगळं, कारण त्या १२० मिलीची पोटाला सवय असते. पहिल्या तीन रात्री ९० मिली, मग तीन रात्री ६०, मग तीन रात्री ३०, की झालं. कमी केलेलं दूध दिवसाच्या बाटल्यांमध्ये थोडं थोडं वाढवायचं. दूध कमी करायचं म्हणजे पाणी तेवढंच ठेवून पावडर कमी करायची नाही. डब्यावरचं माप जसंच्या तसं, बाटली फक्त लहान. (तिकडचा डबा संपून इथला घेतला असेल तर चमचाही त्याच डब्यातला वापरा.) अंगावर पाजणाऱ्या आईने दर दोन-तीन रात्रींनी दोन-दोन मिनिटं कमी करावीत. छाती भरून कडक झाली तर आराम पडेल इतकंच दूध काढायचं, रिकामी करायची नाही, नाहीतर पान्हा तेवढाच येत राहतो.

एकला उठल्यावर आधी दोन-चार मिनिटं थोपटून बघायचं, नाहीच शांत झालं तर पाजायचं. चारचं दूध चालू राहू द्या, साडेचार महिन्यांच्या बाळाला रात्रीचं एखादं दूध लागतंच. आजींनी मध्ये सुचवलं होतं की बाटलीत चमचाभर नाचणीसत्व घाला, रात्रभर पोट धरून राहील. ते नको. वरचं खाणं सहा महिन्यांच्या सुमारास, वाटी-चमच्याने.

राहता राहिला परतीचा प्रवास. उन्हाळ्यात लीड्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. इथे सकाळी आठला उठणारं बाळ तिथे पहाटे साडेतीनला खेळायला आणि दूध मागायला तयार होईल. ती भूक खरी असते, म्हणून तेव्हा पाजा. पण ड्रीम फीड सोडल्यामुळे हे झालं असं समजून रात्री अकराची बाटली पुन्हा सुरू करू नका, आठवडाभर थांबून बघा. कमी करण्याचे ते नऊ दिवस विमानाच्या तिकिटाआधी बसत नसतील, तर लीड्सला पोचून बाळाची झोप स्थिरावल्यावरच सुरुवात करा.