अकरावीचं लिमिट: पहिले दोन दिवस सूत्राविना

प्रश्न: कोल्हापुरात अकरावी सायन्सच्या चार मुलांची शिकवणी घेते. दहावीपर्यंत सगळी मराठी माध्यमात होती. कॅल्क्युलसचं नाव काढलं की वह्या मिटतात. लिमिट सुरू करायला एक आठवडा आहे, रोज तासभर. कसं घ्यावं?

उत्तर:

राजारामपुरीत माझ्याकडे अकरावीची मुलं येतात त्याला बरीच वर्षं झाली. दरवर्षी ती एकाच जागी अडखळतात, ती जागा म्हणजे 0/0. शाळेत इतकी वर्षं 'शून्यानं भागायचं नाही' असं घोकून घेतलेलं असतं. इथं सर स्वतःच किंमत घालून 0/0 काढून दाखवतात, मग वरचाखालचा एक अवयव कट करतात आणि पुन्हा तीच किंमत घालून उत्तर काढतात. मुलाला ती हातचलाखी वाटते. माझ्या मते त्याचा संशय रास्त आहे, कारण कट करायला परवानगी कुठून आली हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमचा आठवडा या परवानगीवर घालवा. सूत्रं नंतर आपोआप बसतात.

पहिल्या दिवशी 'लिमिट' हा शब्द फळ्यावर लिहूच नका. गच्चीवरून चेंडू सोडला. हवेचा अडथळा धरला नाही तर t सेकंदांत तो 4.9t² मीटर खाली येतो. आता विचारा: बरोबर १ सेकंद झाला त्या क्षणी त्याचा वेग किती? कुणीतरी म्हणेल, अंतर भागिले वेळ. मग विचारा, त्या एका क्षणात अंतर किती कापलं? शून्य. वेळ किती गेला? शून्य. म्हणजे 0/0 मुलांच्याच तोंडून येतं. मागच्या वर्षी एकजण लगेच म्हणाला, "मग वेग शून्यच की सर!" दुसरा म्हणाला, "व्हय, चेंडू हवेत थांबला काय मग?" असं भांडण झालं तर होऊ द्या, निम्मं काम तिथंच होतं.

मग कॅल्क्युलेटर काढायला लावा. दोघांनी १ सेकंदानंतरचा काळ घ्यायचा, दोघांनी आधीचा. १ ते १.१ सेकंदातला सरासरी वेग १०.२९ येतो, १ ते १.०१ मधला ९.८४९, १ ते १.००१ मधला ९.८०४९. आधीच्या बाजूनं ०.९ ते १ मध्ये ९.३१, मग ९.७५१, मग ९.७९५१. दोन्ही याद्या शेजारीशेजारी लिहा आणि गप्प बसा. ९.८ हा आकडा मुलांनीच सांगायला हवा. तो सांगितला की थेट 1 घालून भागाकार करायला लावा. पडद्यावर `Math ERROR` येईल. तास इथं संपवा. क्षणाला भागाकार नाही, तरी दोन्हीकडून येणारे आकडे एकाच ठिकाणी जाताहेत, एवढंच घेऊन त्यांना घरी जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी (x² − 4)/(x − 2) चा आलेख घ्या. x = 2 सोडून कुठंही ही किंमत x + 2 इतकीच येते, म्हणून आलेख सरळ रेषा असतो आणि (2, 4) पाशी फक्त एक भोक. ते पोकळ वर्तुळ मुलांनाच काढायला लावा. मग तीन प्रश्न ओळीनं विचारा. f(2) दिलेलीच नाही, तर लिमिट किती? f(2) = 7 असं मुद्दाम ठरवलं, तर लिमिट किती? f(2) = 4 ठरवलं, तर? तिन्ही वेळा उत्तर 4. दुसऱ्या प्रश्नाला जो 7 म्हणतो, त्याला अजून किंमत आणि लिमिट यातला फरक कळलेला नाही. त्याला पहिल्या दिवसासारखा तक्ता इथंही करायला लावा आणि विचारा, २.००१ पाशी काय येतंय? ४.००१. ७ च्या आसपास तरी काही आहे का?

डावी आणि उजवी बाजू समजवायला आपल्याकडे राजाराम बंधारा आहे. उन्हाळ्यात बरगे घातलेले असतात तेव्हा वरच्या अंगाला पाणी उंच, खालच्या अंगाला कमी. वरच्या बाजूनं भिंतीजवळ आलात तर एक पातळी, खालच्या बाजूनं आलात तर दुसरी. म्हणून भिंतीपाशी पाण्याची एकच पातळी सांगता येत नाही, तिथं लिमिट नाही. पंचगंगेला मोठा पूर आला की बंधारा पाण्याखाली जातो आणि दोन्ही बाजूंची पातळी जवळपास मिळते. मग दोन्हीकडून येणारा एकच आकडा सांगतो. आमच्या मुलांना हे पटकन भिडतं, कारण पावसाळ्यात रोज सकाळी बंधाऱ्यावर पाणी किती फूट हेच घरोघरी विचारलं जातं. फक्त एक सांगा: खऱ्या भिंतीला जाडी असते, आलेखातल्या उडीला नसते. लगेच |x − 3|/(x − 3) घ्या. ३ च्या उजवीकडे कायम 1, डावीकडे कायम −1, म्हणून x → 3 ला लिमिट नाही.

तिसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. आज परवानगीचं कोडं सोडवायचं. x → 2 याचा अर्थ x हा 2 च्या कितीही जवळ जातो, पण 2 होत नाही. म्हणून x − 2 कितीही लहान असला तरी शून्य नाही, आणि शून्य नाही म्हणून त्यानं भागता येतं. कट झाल्यावर जे उरतं ते 2 पाशीही सुरळीत चालतं, म्हणून तिथं 2 घालायला हरकत नाही. हे शब्द मुलांकडून वहीत लिहून घ्या, गणिताच्या ओळीशेजारीच:

```
lim(x→2) (x³ − 7x + 6) / (x² − 4)
= lim(x→2) (x − 2)(x² + 2x − 3) / [(x − 2)(x + 2)]
= lim(x→2) (x² + 2x − 3) / (x + 2)     … x ≠ 2, ∴ x − 2 ≠ 0
= (4 + 4 − 3) / (2 + 2)
= 5/4
```

वरचा अवयव कसा सापडला, हे मुलं विचारतातच. त्याचं उत्तर 0/0 मध्येच दडलेलं असतं. 2 घातल्यावर अंश शून्य झाला, म्हणजे अवयव सिद्धांताप्रमाणे (x − 2) हा अंशाचा अवयव असलाच पाहिजे. शोधत बसायचं नाही, संश्लेषक भागाकारानं सरळ काढायचा. हे कळलं की मुलं 0/0 ला बिचकत नाहीत, उलट अवयव फुकटात मिळाला म्हणतात. उत्तर तपासायला पुन्हा कॅल्क्युलेटर: x = 2.01 ला सुमारे १.२६१९ आणि x = 1.99 ला सुमारे १.२३८१ येतं. १.२५ दोन्हींच्या मध्ये आहे.

इथं दोन चुका हमखास दिसतील. पहिली, वरच्या x³ मधला x² आणि खालचा x² परस्पर कट करणं. ही लिमिटची चूक नव्हे, आठवी-नववीची आहे: अवयव कट होतात, पदं नाहीत. दुसरी, मधल्या ओळींत `lim` गाळणं, किंवा किंमत घातल्यावरही `lim` लिहीत राहणं. नियम सोपा आहे: x शिल्लक आहे तोवर `lim`, x गेला की `lim` गेलं.

चौथ्या दिवशी वर्गमूळ. (√(9 + x) − 3)/x घ्या, x → 0. अनुबद्ध जोडीनं अंश-छेदाला गुणलं की वर x उरतो, तो खालच्या x शी कट होतो, आणि उत्तर 1/6. मराठी माध्यमाच्या मुलांनी 'अनुबद्ध जोडी' नववीत केलेली असते, फक्त 'काँज्युगेट' म्हटल्यावर ओळख पटत नाही. जुने शब्द फळ्याच्या कडेला लिहून ठेवा: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, रॅशनलायझेशन म्हणजे परिमेयीकरण. भीतीचा बराच भाग नुसत्या शब्दांचा असतो.

याच गणितात कॅल्क्युलेटरची मर्यादाही दाखवा. x = 0.01 ला सुमारे ०.१६६६ येतं, ठीक. एखादा हुशारी करून थेट 10⁻¹⁵ घालतो आणि शून्य घेऊन येतो. यंत्राला इतके अंक धरता येत नाहीत. 9 मध्ये मिळवलेला तो कण हरवतो, √9 उणे 3 शून्य होतं. तक्ता अंदाज देतो, सिद्धता देत नाही, हे या उदाहरणावरून चांगलं कळतं.

पाचव्या दिवशी sin x / x, x → 0. चौघांना ०.१ घालून बघायला सांगा. दोघांचं उत्तर ०.९९८३ येईल आणि दोघांचं ०.०१७४५. दुसऱ्या जोडीचं मशीन डिग्रीत आहे. ओरडू नका, तो आकडा म्हणजे π/180 आहे हे त्यांना शोधू द्या. उत्तर 1 यायचं तर कोन रेडियनमध्येच हवा, हे नुसतं सांगून लक्षात राहत नाही, असं फसल्यावर राहतं. मग sin 3x / x घ्या. 'sin' हे अक्षर कट करणारा इथं सापडतो. खालीही 3x हवा, म्हणून अंश-छेदाला 3 नं गुणा, उत्तर 3.

सहाव्या दिवशी नवीन काही नाही. दहा गणितं द्या, सोडवायची नाहीत, नुसती किंमत घालून तीन ढीग करायचे: थेट उत्तर येतं ते, 0/0 येतं ते, आणि छेदच शून्य होतो ते. (x² + 1)/(x − 5) ला x → 2 असेल तर उत्तर −5/3, विषय संपला. तरी मुलं तिथंही अवयव पाडायला बसतात. तेच x → 5 केलं की 26/0, म्हणजे सांत लिमिट नाही. इथं कट करायला काही शोधायचं नाही.

एक गोष्ट आधी करायला हवी होती, ती आता सांगतो. सोमवारी तास सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटांची चाचणी घ्या: a² − b², a³ − b³, एक वर्गबहुपदी, एक परिमेयीकरण. दोनपेक्षा जास्त चुकत असतील तर पाचव्या दिवसाचं त्रिकोणमितीचं लिमिट पुढच्या आठवड्यात ढकला आणि तो तास अवयवांना द्या. ε-δ ची व्याख्याही या आठवड्यात उघडू नका. 'कितीही जवळ' म्हणजे नेमकं किती, असं एखाद्यानं स्वतःहून विचारलं तरच.

सातव्या दिवशी मी sin(π/x) देतो, x → 0, मशीन रेडियनवर. ०.१ ला शून्य, ०.०१ ला शून्य, ०.००१ ला शून्य (मशीनवर फार तर शेवटच्या अंकात कचरा दिसेल). चौघंही ठामपणे 'शून्य' म्हणतील. मग ०.३ घालायला सांगा: −०.८६६. आणि 2/201, जे ०.०१ च्या अगदी जवळ आहे: 1. त्यानंतर काही बोलू नका, आलेख काढायला कागद पुढे सरकवा.