महागडा फोन स्वस्त पडतो, पण किती वर्षांनी?

"माझे गेले तीन फोन 15 हजारांच्या आसपासचे होते, दोन-दोन वर्षांत मंद झाले. मिस्टर म्हणतात, एकदाच 36 हजारांचा घे, विकला तरी पैसे येतील. सोबत दीड टनाचा एसी घ्यायचाय, दुकानदार फाइव्ह स्टारच घ्या म्हणतोय. काय परवडेल?" – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

आधी वर्षाचा खर्च काढू. किमतीत दुरुस्ती मिळवा, विकून येतील ते पैसे वजा करा आणि वापराच्या वर्षांनी भागा. तुमचा 15 हजारांचा फोन दोन वर्षांनी 3 हजारांना गेला असं धरलं, तर वर्षाला 6 हजार पडले. 36 हजारांचा पाच वर्षं वापरला, मध्ये 4 हजारांची बॅटरी बदलली आणि शेवटी 7 हजार आले, तर वर्षाला 6,600. सहा वर्षं टिकवला आणि 5 हजार आले, तर 5,800 च्या आसपास. पण तोच दोन वर्षांत 18 हजारांना विकलात, तर वर्षाला 9 हजार! भाव सुरुवातीलाच सगळ्यात जास्त उतरतो, त्यामुळे विकून पैसे येतात हे खरं असलं तरी लवकर विकणाऱ्याचं त्यात नुकसानच आहे. शिवाय महाग फोनचा डिस्प्ले एकदा फुटला, की 10 हजार सहज जातात.

म्हणून मी तुम्हाला मधला रस्ता सुचवेन: 22 हजारांपर्यंतचा, 8 जीबी रॅम आणि 256 जीबी स्टोरेजचा फोन. स्वस्त फोन मंद होतात ते बहुतेकदा रॅम अपुरी पडते आणि स्टोरेज गच्च भरतं म्हणून. चार वर्षं वापरा, बॅटरीला अडीच हजार धरा, शेवटी साडेचार हजार आले तर वर्षाला 5 हजार पडतील.

घेताना एक गोष्ट नक्की विचारा: सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत? ही मुदत सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. चार वर्षांची हमी असलेलं मॉडेल दीड वर्ष जुनं असेल, तर तुमच्या हाती अडीचच वर्षं उरतात. बिल आणि खोका जपून ठेवा, विकताना भाव त्यावरही ठरतो. देण्याआधी गूगल खातं काढून मगच रिसेट करा, नाहीतर पुढच्या माणसाच्या हाती फोन लॉक होऊन बसतो.

एसीचं गणित उलटं आहे. त्याच्या लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापराचे असतात. कोल्हापुरात तुम्ही 60 रात्री आठ-आठ तास लावलात तरी 480 तासच भरतात. थ्री आणि फाइव्ह स्टारमध्ये लेबलवर 240 युनिटांचा फरक असेल, तर तुमचे वाचतील 72. दहा रुपये युनिट धरा, वर्षाला 720 रुपये. त्यासाठी 9 हजार जास्त मोजलेत तर वसूल व्हायला साडेबारा वर्षं लागतील. थ्री स्टार घ्या. हाच प्रश्न फ्रिजचा असता तर वेगळं सांगितलं असतं, कारण तो बाराही महिने चालू असतो.