दाव्याची गाठ आधी बघा : पूर, आग आणि वीज

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी. चार म्हशी, दोन गाई, तीन रेडकं. दर पुराला शेवटच्या क्षणी धावपळ होते. जनावरं नेमकी कधी हलवायची?

रस्त्यावर पाणी येण्याआधी. तो दिवस ठरवायचा तर मागच्या पुरांची आठवण कामाला येते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण हे आकडे तुमच्या ओढ्यावरच्या पुलासाठी नाहीत. २०१९ आणि २०२१ मध्ये तुमचा बाहेर पडायचा रस्ता बुडाला, तेव्हा जवळच्या मोजणी ठिकाणी किती फूट पाणी होतं, हे गावातल्या चार जणांना विचारून लिहून ठेवा. त्याच्या दोन-तीन फूट आधीच निघायचं. पाणी जोरात चढत असेल तर तेवढीही वाट बघू नका.

नऊ जनावरं तीन किलोमीटर चालवायला तास-दीड तास सहज जातो. रात्री, पावसात त्याहून जास्त. रेडकं टेम्पोने पुढे पाठवलीत तर त्यांच्या आया मागोमाग चालतात, अडत नाहीत. सहा मोठ्या जनावरांना दिवसाला प्रत्येकी सहा किलो कडबा धरला, तर आठवड्याला अडीचशे किलो लागतो. तो उंचावरच्या पाहुण्यांकडे जूनमध्येच नेऊन ठेवा, कारण पुराच्या दिवसांत वैरणीला गाडी मिळत नाही. घटसर्पाची लसही पावसाआधीच टोचून घ्या. अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून छावणीत पोचल्यावर टोचलेली लस त्या पुराला उपयोगी पडत नाही.

आणि वेळच उरली नाही, तर दावी कापून जनावरं मोकळी सोडा. म्हैस आणि गाय दोन्ही पोहतात. गोठ्यात बुडून मरतात ती बहुतेक बांधलेली असतात. गळ्यात लांब दोरी लोंबकळत ठेवू नका, ती झुडपात अडकते.

प्रश्न : शेजाऱ्याच्या गोठ्याला रात्री आग लागली, गाठी सुटेनात. आमच्याकडेही तसंच होईल का?

घट्ट गाठी असतील तर होईल. सुती दावं भिजलं की फुगतं आणि गाठ आवळते. नायलॉनचं दावं आगीत वितळून अंगाला चिकटतं. एक गाठ सोडायला अर्धा मिनिट धरलं तरी नऊ गाठींना साडेचार मिनिटं लागतात, आणि कडबा पेटला की त्याच्या कितीतरी आधी गोठा धुराने भरतो.

म्हणून एका ओढीत सुटणारी गाठ मारा. दावं खुंट्याला वेढा देऊन स्वतःवर आणायचं, आणि गाठ घालताना टोक पूर्ण ओवण्याऐवजी त्याचा दुमडलेला भाग ओवायचा. लोंबतं टोक ओढलं की गाठ मोकळी होते. एक अडचण मात्र आहे : म्हशी हे टोक चघळून सुटतात. ते खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला, तिच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा. दाराबाहेर एक धारदार विळा कायम टांगलेला असू द्या. एखाद्या संध्याकाळी मोबाईलवर वेळ लावून सगळी जनावरं सोडून बघा, घरातल्या बाईमाणसांनी आणि पोरांनीही.

आग लागली की आधी मेन स्विच बंद करा, मग दाराजवळचं जनावर सोडा, म्हणजे आतल्यांना वाट मिळते. बाहेर आलेलं जनावर लगेच लांब बांधा किंवा फाटक लावा. घाबरलेलं जनावर ओळखीच्या गोठ्यातच परत शिरतं, मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. अंगावर भाजलं नसलं तरी दोन दिवस त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवा. धुराचा त्रास उशिरा दिसतो. धाप, खोकला, नाकातून फेस दिसला तर डॉक्टरांना लगेच बोलवा.

प्रश्न : वीज शेजारच्या लिंबावर पडली, पण आमची गोठ्यातली तीन जनावरं जागेवर गेली. असं कसं?

झाडावर पडलेली वीज मुळांतून जमिनीत पसरते. पुढच्या आणि मागच्या पायांत दीडेक मीटर अंतर असलेल्या जनावराच्या अंगातून प्रवाह जातो, आणि वाटेत हृदय असतं. म्हणून माणूस वाचतो आणि शेजारची गाय जाते. तुमच्या गोठ्यात जनावरं साखळीने एकाच लोखंडी पाइपाला बांधली असतील, तर पाइपानेही प्रवाह सगळ्यांपर्यंत नेला असेल. साखळी काढून दोरी वापरा. पत्रा आणि लोखंडी खांब एकमेकांना जोडून नीट अर्थिंग करण्याचं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. खाली घातलेला रबरी मॅट विजेपासून वाचवत नाही.

चरायला सोडलेली जनावरं झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला लागून उभी राहू देऊ नका. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आधीच सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या.

मेलेली जनावरं पुरण्याआधी तलाठ्यांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय मदतीचा अर्ज अडतो. कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढा. विजेने गेलेल्या जनावराच्या तोंडात कधी कधी चारा तसाच असतो, म्हणजे मरण अचानक आलं. पण नाका-गुदद्वारातून काळपट रक्त येत असेल, तर हात लावू नका आणि शव फाडू देऊ नका. तो काळपुळीचा संशय असतो, आणि तो रोग माणसालाही होतो.