शून्याखाली मोजताना उड्या मोजा, खुणा नाही

नियम पाठ करायची घाई नको. चौकटीच्या वहीत −१० ते १० अशी संख्यारेषा आखा, एका चौकटीला एक अंक, आणि बोटानं उड्या मोजा.

समजा लेहला पहाटे −७ अंश होते, दुपारी ५. वाढ किती? शून्यापर्यंत ७ उड्या, पुढे ५, म्हणजे १२. उत्तर १३ आलं, तर −७ वर बोट टेकवतानाच तुम्ही ‘एक’ म्हणालात. ११ आलं, तर बहुधा रेषेवर शून्यच लिहायचा राहिलाय (हे फार जणांचं होतं).

मागे जाताना डावीकडेच सरका: −३ वरून चार पावलं मागे म्हणजे −७, १ नव्हे. तिथे अंक मोठा दिसतो, पण तापमान उतरलेलं असतं.

ऋण संख्या वजा करणं तूर्त बाजूला ठेवा.