गोल्ड ईटीएफ की गोल्ड फंड ऑफ फंड: त्या ०.१५ टक्क्यांचा हिशेब

प्रश्न: मी कागलला शाळेत शिकवते, राहायला कोल्हापुरात. मुलीच्या लग्नासाठी दहा वर्षं दर महिन्याला ५,००० रुपये सोन्यात टाकायचे आहेत. गोल्ड ईटीएफचा खर्च ०.८ टक्के दिसतो आणि त्याच कंपनीच्या गोल्ड फंड ऑफ फंडाचा ०.१५ टक्के. मग फंड ऑफ फंडच स्वस्त ना? डीमॅट खातं नाही, गरज असेल तर काढेन.

उत्तर:

ते ०.१५ टक्के ०.८ च्या जागी नाहीत ताई, ०.८ च्या वर आहेत.

फंड ऑफ फंड स्वतः सोनं घेत नाही. तुमचे पैसे गोळा करून तो बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या गोल्ड ईटीएफची, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या फंडाची, युनिटं घेतो. ईटीएफ आपला खर्च आतल्या आत कापतोच, त्यावर फंड ऑफ फंड स्वतःचा कापतो. वेबसाइटवर ठळक दिसतो तो हा वरचा थर. म्हणजे तुमच्या उदाहरणात खरा खर्च ०.९५ टक्के.

मी गुजरीतल्या एका सराफी पेढीची हिशेबाची वही सांभाळतो, त्यामुळे मला हे घटीच्या भाषेत लवकर कळलं. दागिना घडवताना सोनं घटतं, तशी ईटीएफमध्येही घट असते. सोन्यावर व्याज येत नाही, मग फंडाचा खर्च भागणार कशातून? थोडंथोडं सोनं विकूनच. त्यामुळे एका युनिटमागचं सोनं दरवर्षी कणाकणाने कमी होतं. आपल्याकडचा पहिला गोल्ड ईटीएफ, गोल्ड बीज, २००७ साली आला. सुरुवातीला त्याचं एक युनिट साधारण एक ग्रॅमचं होतं, पुढे त्याचे शंभर भाग केले. आज त्याच्या शंभर युनिटांची किंमत काढा आणि शुद्ध सोन्याच्या एका ग्रॅमच्या भावाशेजारी ठेवा, दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसेल. काही लोक याला फसवणूक म्हणतात. तसं नाही, ती इतक्या वर्षांची साचलेली घट आहे.

आता दहा ग्रॅम सोनं दहा वर्षं ठेवलं तर शेवटी किती उरतं ते पाहू. ०.८ टक्क्याच्या ईटीएफमध्ये ९.२३ ग्रॅम. त्यावरच्या ०.१५ टक्क्याच्या फंड ऑफ फंडात ९.०९ ग्रॅम. तोच फंड एजंटमार्फत, म्हणजे रेग्युलर प्लॅनमध्ये घेतला आणि वरचा खर्च ०.५ टक्के धरला, तर ८.७७ ग्रॅम. सगळ्याच कंपन्यांचे ईटीएफ ०.८ टक्के घेत नाहीत, बरेच स्वस्तही आहेत. ०.५ टक्क्याचा ईटीएफ आणि त्यावर ०.१५ चा फंड ऑफ फंड धरला तर ९.३७ ग्रॅम उरतं, म्हणजे महागड्या कंपनीच्या थेट ईटीएफपेक्षा जास्त! म्हणून ईटीएफ की फंड ऑफ फंड हे ठरवण्याआधी पोटातला ईटीएफ कुठला आणि तो किती घेतो ते बघा. आणि प्लॅन डायरेक्टच घ्या. रेग्युलरमध्ये कमिशन एकदाच नाही, दरवर्षी जातं.

मग थेट ईटीएफ घेतला तर ते ०.१५ वाचतात का? वाचतात, पण त्याची किंमत दुसऱ्या खिशातून जाते. समजा तुमचा ब्रोकर प्रत्येक ऑर्डरला २० रुपये घेतो. जीएसटी धरून २३ रुपये ६० पैसे झाले. ५,००० वर फंड ऑफ फंडाचा जादा खर्च वर्षाला साडेसात रुपये. म्हणजे एक हप्ता साधारण तीन वर्षांहून जास्त ठेवणार असाल तर ईटीएफ स्वस्त, त्याआधी मोडणार असाल तर फंड ऑफ फंड. सोनं वाढलं तर हा काळ आणखी कमी होतो, कारण ०.१५ टक्के वाढलेल्या रकमेवर कापले जातात. मी आधी हा हिशेब एकूण जमा रकमेवर मांडला होता आणि उलटाच निष्कर्ष काढून बसलो होतो: सुरुवातीला फंड, रक्कम मोठी झाली की ईटीएफ. हिशेब हप्त्यागणिक मांडायला हवा. दहा वर्षं राहणार ते सुरुवातीचे हप्ते, आणि दलाली एकदाच देऊन तेच ईटीएफमध्ये जास्त वसूल होतात.

दलाली हलकी करायची तर तीन महिन्यांचे पैसे साठवून १५,००० ची एकच ऑर्डर टाका. मग साधारण वर्षभरातच ईटीएफ बरोबरीला येतो. डिलिव्हरीवर दलालीच न घेणारे ब्रोकरही आहेत. डीमॅटच्या वार्षिक शुल्काची फार भीती नको: तुमच्या नावावर एकच खातं असेल आणि ते बेसिक सेवा प्रकारातलं असेल, तर ४ लाखांपर्यंतच्या शिलकीवर ते शुल्क लागत नाही.

ट्रॅकिंग एररबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फॅक्टशीट उघडली की तो आकडा दिसेल आणि गोंधळ होईल, म्हणून सांगतो. पेढीवर दोन काटे आहेत असं समजा. एक रोज ठरलेलं तेवढंच कमी दाखवतो. दुसरा कधी कमी, कधी जास्त, हेलकावे खातो. ट्रॅकिंग एरर म्हणजे हे हेलकावे. पहिल्या काट्याचा ट्रॅकिंग एरर जवळजवळ शून्य, तरी वर्षाअखेरीस तुम्ही तोट्यातच. हा ठरलेला तोटा मोजतो तो ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे सोन्याचा परतावा आणि फंडाचा परतावा यांतलं अंतर. दहा वर्षं थांबणाऱ्याने तो बघायचा.

फंड ऑफ फंडात हेलकावे जास्त असतात, आणि त्याचं कारण मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ईटीएफची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची हिशेबी किंमत, त्याच्याकडच्या सोन्याच्या भावावरून निघते. फंड ऑफ फंडाची एनएव्ही मात्र ईटीएफच्या बाजारातल्या बंद भावावरून निघते. त्या दिवशी गर्दीमुळे ईटीएफ सोन्यापेक्षा एक टक्का चढा बंद झाला, तर तुमची एसआयपी तेवढ्या चढ्या भावाने बसते. उतरता बंद झाला त्या दिवशी पैसे काढले तर तेवढं कमी मिळतं. म्हणजे बाजारभावाची भानगड तुम्हाला चुकत नाही, फक्त डोळ्यांआड होते. हे किती टोकाला जातं ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चांदीत दिसलं. चांदीच्या ईटीएफचे भाव चांदीच्या खऱ्या भावाच्या इतके वर गेले की काही कंपन्यांनी चांदीच्या फंड ऑफ फंडात एकरकमी पैसे घेणंच काही दिवस थांबवलं. त्या आठवड्यात हुपरीचे आमचे ओळखीचे कारागीर मला विचारत होते, चांदी विकत मिळते आणि चांदीचा फंड मिळत नाही, हे काय?

शिवाय लोक पैसे काढतील म्हणून फंड ऑफ फंड थोडी रोकड हाताशी ठेवतो. सोनं चढताना ती रोकड मागे ओढते. हे सगळं मिळून किती नुकसान झालं ते ओळखायची सोपी युक्ती आहे. फंड ऑफ फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा पाच वर्षांचा वार्षिक परतावा घ्या आणि त्याच्याच ईटीएफच्या परताव्यातून वजा करा. समजा ईटीएफचा १४ आला आणि फंडाचा १३.६. अंतर ०.४, त्यातले ०.१५ खर्चाचे, उरलेले ०.२५ रोकड आणि भावाच्या फरकाचे. हा उरलेला आकडा मोठा असेल तर तो फंड सोडा.

थेट ईटीएफमध्ये हीच भानगड तुमच्या हातात येते, आणि हात कच्चा असेल तर भाजतो. एका अक्षय तृतीयेला मुहूर्ताच्या नादात मी सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताक्षणी, कमी उलाढालीच्या एका ईटीएफची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे मिळेल त्या भावाने घ्या अशी. त्या वेळी विकणारे मोजकेच होते. रात्री एनएव्ही पाहिली तर मी जवळपास दोन टक्के जास्त मोजले होते. ०.१५ च्या हिशेबाने तेरा वर्षांचा जादा खर्च एका मिनिटात! तेव्हापासून लिमिट ऑर्डरच टाकतो, म्हणजे याहून जास्त देणार नाही असा भाव आधीच लिहून. फंड कंपनीच्या वेबसाइटवर दिवसा आय-नॅव्ह दिसते, म्हणजे त्या क्षणाला युनिटमागच्या सोन्याची अंदाजी किंमत. तिच्यापेक्षा पाव टक्क्याहून वर भाव असेल तर थांबतो. बाजार उघडल्यानंतरची आणि बंद होण्याआधीची पंधरा मिनिटं टाळतो. रोज भरपूर व्यवहार होणारेच ईटीएफ घेतो, मग खर्च किंचित जास्त असला तरी चालतो.

आता अडचण अशी की बाजार सव्वानऊ ते साडेतीन, आणि त्या वेळात तुम्ही वर्गावर. माझ्या बायकोचंही तेच, ती बँकेत काउंटरवर असते. तिची एसआयपी म्हणून फंड ऑफ फंडात आहे, ५ तारखेला आपोआप कापली जाते, पूर्ण ५,००० लागतात, युनिटचे अपूर्णांकही मिळतात. ईटीएफमध्ये पूर्ण युनिटंच घ्यावी लागतात. मी तीन महिन्यांनी ईटीएफ घेतो आणि गेल्या वर्षी एक तिमाही साफ विसरलो.

तुमच्या जागी मी स्वस्त ईटीएफवरचा फंड ऑफ फंड, डायरेक्ट प्लॅन, असंच करेन. पण सुट्टीच्या दिवसांत तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास काढून लिमिट ऑर्डर टाकायची तुमची तयारी असेल, तर डीमॅट काढा आणि ईटीएफ घ्या.

कराचा एक मुद्दा मात्र लग्न जवळ आल्यावर बोचेल. ईटीएफ १२ महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के. फंड ऑफ फंडाला त्यासाठी २४ महिने लागतात, त्याआधी विकलात तर नफा तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. पैसे काढताना आधी जुनी युनिटं निघतात, त्यामुळे थोडी रक्कम काढायची असेल तर त्रास नाही. सगळंच एकदम काढणार असाल, तर लग्नाच्या दोन वर्षं आधी एसआयपी थांबवा आणि पुढचे हप्ते आरडीत टाका. काही फंडांना पंधरा दिवसांत काढल्यास, तर काहींना वर्षाच्या आत काढल्यास एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याची कपात, असतो, तोही आधीच बघून ठेवा. पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात, म्हणून गुजरीत दागिन्यांची ऑर्डर द्यायच्या आदल्या आठवड्यातच अर्ज टाका. आमच्याकडे दर लग्नसराईत कुणीतरी बयाणा द्यायला येतं आणि फोन दाखवत म्हणतं, पैसे परवा येतील.