गृहपाठ बुडतो तेव्हा घरी काय लिहून पाठवावं?

प्रश्न : मी पाचवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातला एक मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस गृहपाठ करून येत नाही. वहीत शेरे मारून झाले. पालकांची सही येते, गृहपाठ येत नाही. आता त्यांना काय लिहून पाठवू?

उत्तर : बाई, चिठ्ठी लिहायच्या आधी त्याच्या गेल्या महिन्याभराच्या वह्या एकत्र काढा आणि कोणते दिवस कोरे आहेत ते तारखांवरून पाहा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी असंच एक प्रकरण हाताळलं होतं. त्या मुलाला इथे व्यंकटेश म्हणू.

त्याच्या वहीत एक आठवडा जवळजवळ सगळा कोरा, तर पुढचा बऱ्यापैकी भरलेला होता. आळशी मुलाची वही अशी आलटून पालटून भरत नाही. घरी गेल्यावर उलगडा झाला. वडील यंत्रमागावर, पाळी दर आठवड्याला बदलणारी. रात्रपाळी असली की ते संध्याकाळीच बाहेर पडत आणि घर शांत होई. दिवसपाळीला ते रात्री आठनंतर दमून घरी येत. मग एकाच खोलीत टीव्ही, जेवण आणि धाकट्या बहिणीची रडारड. व्यंकटेश दप्तर उघडायचा तेव्हा नऊ वाजून गेलेले असत आणि डोळे मिटायला लागलेले असत. आई घरीच विड्या वळायची. संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन ती दोऱ्याने विड्यांचे कट्टे बांधायला बसे. घरात तेलुगू, आईला मराठी वाचायला वेळ लागायचा. लाल शेऱ्याचा एकच अर्थ तिला कळला होता : शाळा रागावली आहे. ती सही करायची आणि मुलाला एक धपाटा द्यायची.

तिला अभ्यास घेता येणार नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. ती रोज ठरलेल्या वेळी एका जागी बसतेच, मग मुलानेही त्याच वेळी तिच्याजवळ बसावं, एवढंच आम्ही ठरवलं. त्याच्या वर्गाच्या बाईंनी लिहिलेली चिठ्ठी अशी होती :

"सप्रेम नमस्कार. व्यंकटेश गणितात तोंडी उत्तरं पटकन देतो. गृहपाठ मात्र बाबांच्या दिवसपाळीच्या आठवड्यात राहून जातो. आपण दोघांनी मिळून एक गोष्ट करून पाहू या. दिवेलागणीला आपण कट्टे बांधायला बसता, तेव्हा त्याला वीस मिनिटं शेजारी वही घेऊन बसवा. टीव्ही तेवढा वेळ बंद ठेवा. त्याला शिकवू नका, उत्तरं सांगू नका. वीस मिनिटं झाली की जिथे थांबला असेल तिथे रेघ मारून सही करा. उरलेलं मी शाळेत बघेन, त्यासाठी त्याला मारू किंवा रागावू नका. शाळा सुटण्याआधी त्याने गृहपाठ नीट उतरवून घेतला आहे का, ते मी पाहीन. नळाला पाणी येईल त्या दिवशी फक्त एक पान मोठ्याने वाचू द्या. दोन आठवड्यांनी आपण भेटू. आपल्याला कोणती वेळ सोयीची आहे ते कळवा."

चिठ्ठीत घड्याळाची वेळ नाही, कारण या घरात दिवस कामाने मोजला जातो. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्या संध्याकाळी घागरी भरण्यातच सगळं घर गुंतलेलं असतं. ती सूट आधीच दिली नाही तर पहिल्याच पाण्याच्या दिवशी नेम मोडतो आणि मग तो कायमचा सुटतो. चिठ्ठी मुलाच्या हाती दिली, पण त्याला आधी वाचून दाखवली. आईला ती फोनवर तेलुगूतून समजावून सांगायला शाळेतल्याच एका सेविका मावशींची मदत झाली.

सगळ्यात उपयोगी पडली ती रेघ. वीस मिनिटांत गणिताची उदाहरणं पूर्ण होत होती, पण मराठीच्या उताऱ्यावरच्या प्रश्नांत रेघ रोज दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच पडायची. शाब्दिक गणितंही तो सोडून द्यायचा. म्हणजे वेळेची अडचण सुटल्यावर खालची दुसरी अडचण वर आली : त्याचं मराठी वाचन तिसरीच्या पातळीवर होतं. ते घरच्या नेमाने सुटणारं नव्हतं. बाईंनी त्याला तिसरीच्या पुस्तकातले छोटे उतारे द्यायला सुरुवात केली आणि उताऱ्याचे प्रश्न निम्मे केले.

तुमच्याकडेही दोन आठवडे नेम पाळूनसुद्धा रेघ एकाच विषयात वरच अडकत असेल, तर पालकांना दुसरी चिठ्ठी पाठवू नका. त्या मुलाला जवळ बसवून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. फळ्यावरून उतरवताना तो ओळी गाळत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. आणि नेम मुळात पाळलाच गेला नसेल, तर आईला शाळेत बोलावण्याऐवजी संध्याकाळी तिच्या सोयीने फोन करा. विड्या मोजून द्यायच्या दिवशी तिला शाळेत यावं लागलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते.