बायोडेटात दुकानाची बारा वर्षं कशी मांडायची?

प्रश्न: गुहागर तालुक्यात १२ वर्षं स्वतःचं किराणा दुकान चालवलं. वर्षाची विक्री ३६ लाखांच्या आसपास होती, कामाला दोन मुलगे होते. गेल्या वर्षी दुकान बंद केलं. आता वय ३९, शिक्षण बी. कॉम. चिपळूण-रत्नागिरीकडे सुपरमार्केटात असिस्टंट मॅनेजर आणि रिसॉर्टमध्ये स्टोअरकीपर म्हणून अर्ज करतोय. बायोडेटात "स्वतःचा व्यवसाय, १२ वर्षे" लिहितो, पण मुलाखतीत "म्हणजे नोकरीचा अनुभव नाही" असंच ऐकावं लागतं. अनुभवाचा दाखला तरी कोणाकडून आणू?

उत्तर: नमस्कार. त्या एका ओळीतून समोरच्याला तुम्ही गल्ल्यावर बसत होता, एवढंच कळतं. माल किती फिरवला, उधारी कशी सांभाळली, सणाची मागणी कशी ओळखली, यातलं काहीच कळत नाही. आणि तुम्ही ज्या पदांसाठी अर्ज करताय, तिथे नेमकं हेच काम आहे. म्हणून पदाच्या जागी सरळ "मालक व व्यवस्थापक" लिहा, पुढे गाव आणि सुरुवातीपासून बंद होईपर्यंतचे महिने-वर्षं. "डायरेक्टर", "सीईओ" असली बिरुदं लावू नका. दोन कामगारांच्या दुकानाला ती शोभत नाहीत आणि पुढच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

पहिली ओळ साठ्याची लिहा. तुमची विक्री ३६ लाख. किराण्यात सरासरी १० टक्के सुटत होते असं धरलं, तर विकलेल्या मालाची खरेदी किंमत ३२ लाख ४० हजार होते. दुकानात सरासरी २ लाख ७० हजारांचा माल असेल, तर तो वर्षात १२ वेळा फिरला, म्हणजे माल साधारण महिनाभरात विकला जात होता. सुपरमार्केटचा मॅनेजर हाच आकडा रोज बघतो, त्यामुळे पुढचं त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मात्र सरासरी काढताना फक्त ३१ मार्चचा साठा धरू नका. त्या दिवशी माल कमी असतो, मग फिरत फुगलेली दिसते आणि जाणकार माणूस ती लगेच पकडतो. मे महिन्यात आगोटीचा माल भरलेला असताना, गणपतीच्या आधी, दिवाळीनंतर आणि मार्चअखेर, अशा चार वेळच्या साठ्याची सरासरी घ्या. वह्या सापडत नसतील तर डिस्ट्रिब्युटरकडे तुमच्या खात्याचा लेजर मागा. त्यांच्या संगणकात तो असतो आणि त्यावरून महिन्यावारी खरेदी कळते.

दुसरी ओळ उधारीची. ती लिहायला लोक लाजतात, पण मला ती सगळ्यात मोलाची वाटते. तुमच्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. खलाशांच्या घरची खाती त्या दोन महिन्यांत वाढत जातात आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की हळूहळू उतरतात. बागायतदारांचा पैसा मात्र आंबा-काजूच्या हंगामात येतो. कोणत्या घराला कितीपर्यंत द्यायचं, कधी हात आखडायचा, वसुलीला कोणत्या आठवड्यात जायचं, हे तुम्ही ठरवत होता. नोकरीच्या भाषेत हे ग्राहकांची पतमर्यादा ठरवणं आणि येणी वसूल करणं आहे. बायोडेटात असं लिहा: "सुमारे ९० उधारी खाती, हंगामानुसार मर्यादा, येणी सरासरी १८ दिवसांच्या विक्रीइतकी." हा १८ चा आकडा उदाहरणाचा आहे. महिन्याची विक्री ३ लाख आणि बाहेर अडकलेले १ लाख ८० हजार, म्हणजे १८ दिवस. तुमच्या वहीतून निघेल तोच आकडा टाका. काही खाती बुडाली असतील तर तीही सांगायची तयारी ठेवा. एकही खातं बुडालं नाही म्हणणाऱ्या किराणा दुकानदारावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी ओळ गणपतीच्या खरेदीची. चाकरमानी कधी येणार, रवा, साखर, तेल किती लागणार आणि घाटात दरड कोसळली तर गाडी किती दिवस अडकेल, हे धरून तुम्ही आधीच ऑर्डर देत होता. एका वर्षाचे आकडे घेऊन हे तोंडी सांगता आलं पाहिजे: नेहमी किती, त्या वर्षी किती मागवलं, उरलं किती, उरलेल्याचं काय केलं. उरलेल्या मालाबद्दल प्रश्न हमखास येतो. पावसाळी दमट हवेत रव्याला कीड लागते आणि साखरेला पाणी सुटतं, म्हणून जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवत होता, हेही सांगा. रिसॉर्टच्या स्टोअरमध्ये पहिल्या दिवसापासून हेच करायचं असतं.

कामगारांबद्दल एकच ओळ पुरे, कारण दोनच मुलगे होते. दहा-पंधरा जणांच्या पाळ्या लावल्याचा अनुभव तुमच्याकडे नाही, तो आहे असं भासवू नका.

आता दाखला. स्वतःच स्वतःला अनुभवाचं पत्र लिहून सही करू नका, त्याला किंमत नाही. त्याऐवजी तीन कागद एकत्र ठेवा. पहिला, दुकानाची नोंद: शॉप ॲक्टची पावती, उद्यम किंवा अन्नपदार्थांचा परवाना, यांतलं जे असेल ते. त्यावरून दुकानाची नोंद कधीपासून होती ते दिसतं. दुसरा, शेवटच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. तिसरा, दोन डिस्ट्रिब्युटरांची लेटरहेडवरची पत्रं. त्यात अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत व्यवहार होता, महिन्याची साधारण खरेदी अमुक होती आणि आज काही येणं बाकी नाही, एवढं असलं की झालं. खाली फोन नंबर हवाच, कारण तिथे फोन केला जातो. शेवटचं वाक्य आवर्जून मागा. दुकान बंद करणाऱ्या माणसाबद्दल पहिली शंका देण्याघेण्याचीच असते.

इथे बऱ्याच जणांचं बिनसतं. बायोडेटात विक्री ३६ लाख आणि विवरणपत्रात १८ लाख, असं असेल तर कागद तपासताना सगळंच खोटं ठरतं. दोन्हीकडे एकच आकडा हवा. विवरणपत्रात कमी दाखवलं असेल तर बायोडेटातही तोच लिहा आणि वरचे हिशेब त्याच्यावरच बसवा.

"दुकान का बंद केलं?" याचं उत्तर दोन-तीन वाक्यांत संपवा. कारण, बंद केल्याचा महिना, आणि व्यापाऱ्यांचे पैसे चुकते करून उरलेला माल कसा काढला ते. मग थांबा. या प्रश्नामागे दुसरी भीती असते, ती म्हणजे हा माणूस सहा महिन्यांत पुन्हा दुकान टाकेल. म्हणून जुन्या नोंदी अजून चालू असतील तर रीतसर बंद करून घ्या आणि तसं सांगा. वरिष्ठाचं ऐकाल का, असं विचारलं तर "हो, नक्की" म्हणून भागत नाही. कंपनीच्या माणसाने ठरवून दिलेला भाव, योजना किंवा मांडणी तुम्ही कधी पाळली होती, त्याचं एक उदाहरण द्या.

पगार मागताना दुकानाच्या उत्पन्नाचा आधार घेऊ नका. ३६ लाखांच्या विक्रीवर ८ टक्के नफा दाखवला असेल तर तो महिन्याला २४ हजार होतो, आणि ऐकणारा तिथूनच खाली उतरायला लागतो. त्या पदाला चिपळूण-रत्नागिरीत काय मिळतं ते चार ठिकाणी विचारा आणि तेवढंच मागा.

माझ्या मते आधी स्टोअरकीपर किंवा खरेदी विभागातल्या जागा बघा, असिस्टंट मॅनेजरच्या नंतर. तिथे साठ्याचं ज्ञान थेट कामी येतं आणि माणसं सांभाळण्याचा अनुभव कमी पडत नाही. मुलाखतीला जाण्याआधी एक्सेलमध्ये आवक, जावक, शिल्लक असा एका महिन्याचा स्टॉक रजिस्टर स्वतः बनवून पाहा. तुमच्याच जुन्या बिलांतल्या वीस वस्तू घ्या. बऱ्याच ठिकाणी समोर बसवून हेच करायला सांगतात.